प्रिंट विकण्याआधी: फोटोचं चित्र करणाऱ्या मॉडेलांचे परवाने कसे तपासायचे

गेटवे ऑफ इंडियाचा एक फोटो, तो ॲनिमे शैलीत बदलणारं एक मॉडेल, आणि त्यातून निघालेलं चित्र ए3 प्रिंट व टोट बॅगवर छापून विकण्याचा बेत. हा सगळा लेख या एकाच कामाच्या मागे मागे चालणार आहे. तुमचं काम लग्नातल्या जोडप्यांच्या कार्टून-फ्रेमचं असो की गड-किल्ल्यांच्या कॅलेंडरचं, तपासण्याची पद्धत तीच राहते.

बहुतेक लोक एकच गोष्ट पाहतात: मॉडेल फुकट डाउनलोड होतं का. फार झालं तर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या पानावर उजव्या बाजूला `MIT` हे मोकळ्या परवान्याचं नाव दिसतं का ते बघतात आणि पुढे जातात. पण विकायच्या प्रिंटपर्यंत पोहोचताना त्या चित्राला पाच-सहा हात लागलेले असतात आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात. त्यातली सगळ्यात कडक अट तुमच्या प्रिंटला लागू होते. मुख्य मॉडेल मोकळं निघतं आणि अडचण एखाद्या कोपऱ्यातल्या मदतनीस फाइलमध्ये निघते, असं फार वेळा होतं.

पायरी पहिली: चित्राला काय काय लागलं ते लिहून काढा

ए3 कागदावर 300 डीपीआयने छापायचं तर चित्र साधारण 3508 × 4961 पिक्सेलचं लागतं. शैली बदलणारी मॉडेलं 512 किंवा 1024 पिक्सेलच्या आसपास काम करतात. म्हणजे प्रिंट विकणाऱ्याच्या कामात चित्र मोठं करणारा अपस्केलर जवळजवळ नेहमीच असतो, आणि माणसं असतील तर चेहरा नीट करणारं साधनही. म्हणून आधी कागद घ्या आणि क्रमाने लिहा: मूळ फोटो कोणाचा, शैलीसाठी दुसरं चित्र वापरलं असेल तर ते कोणाचं, मॉडेलचा कोड कुठला, त्याची वेट्स फाइल, म्हणजे मॉडेल जे शिकलं ते साठवलेली फाइल, कुठून आणली, वर लोरा, म्हणजे मॉडेलला ठराविक वळण देणारी छोटी जोडफाइल, जोडला का, चेहऱ्यासाठी काय वापरलं, अपस्केलरची फाइल कुठली. कोड आणि वेट्स वेगळे लिहा. हे दोन्ही एकाच पानावरून उतरवलेले असले तरी त्यांचे परवाने एकच असतील असं नाही.

आपल्या संगणकावर मॉडेल चालवणारे `ComfyUI` किंवा ऑटोमॅटिक1111 हे प्रोग्राम वापरत असाल तर एक शंका हमखास येते. यांचे परवाने अनुक्रमे जीपीएल आणि एजीपीएल आहेत, मग आपली चित्रंही सगळ्यांसाठी खुली करावी लागतील का? नाही. ते परवाने प्रोग्रामचा कोड वाटण्याबद्दल आणि बदलण्याबद्दल आहेत. प्रोग्राममधून निघालेल्या चित्रावर ते हक्क सांगत नाहीत. यादीतली ही ओळ निश्चिंतपणे खोडा.

पायरी दुसरी: कोड आणि वेट्सचा परवाना मुळापर्यंत वाचा

एकाच कल्पनेवर उभ्या असलेल्या साधनांच्या अटी किती वेगळ्या असू शकतात, हे न्यूरल स्टाइल ट्रान्सफरमध्ये स्वच्छ दिसतं. एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवण्याची ही पद्धत 2015 मध्ये आली, आणि 2016 मध्ये तिचा वेगवान प्रकार आला. `jcjohnson/neural-style` हे गिटहबवरचं जुनं कोड-भांडार एमआयटी परवान्याखाली आहे, म्हणजे व्यवसायाला मोकळं. त्याच लेखकाचं `jcjohnson/fast-neural-style` मात्र वैयक्तिक आणि संशोधनाच्या वापरापुरतं फुकट आहे. व्यवसायासाठी संपर्क करा, असं तिथे लिहिलं आहे. पायटॉर्चच्या अधिकृत उदाहरणांमधलं `fast_neural_style` बीएसडी परवान्याखाली आहे, आणि गूगलच्या मॅजेंटा गटाचं `arbitrary-image-stylization` अपाची 2.0 खाली. चारही साधनांतून निघालेल्या चित्रांत गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही. मग ज्याच्या अटी साफ आहेत तेच साधन धंद्याला का घेऊ नये?

आपल्या ॲनिमे गेटवेसाठी सहज हाताशी येतं ते `AnimeGANv2`. त्याच्या मूळ भांडाराच्या `README`मध्ये तळाशी परवान्याचा परिच्छेद आहे. संशोधन, शिकवणं, शोधनिबंध अशा अव्यावसायिक कामांसाठी मोफत. व्यावसायिक वापर करायचा असेल तर ईमेल करून अधिकारपत्र घ्या. पान खाली सरकवलं नाही तर हा परिच्छेद दिसतच नाही. मेख पुढेच आहे. या मॉडेलची पायटॉर्चवरची आवृत्ती दुसऱ्या माणसाने `animegan2-pytorch` या नावाने केली आणि तिथे एमआयटी परवाना लावलेला आहे. वापरायला तीच सोपी, म्हणून बहुतेकांच्या हाती तीच पडते.

आता खरं कोणाचं धरायचं? ज्याच्याकडे जो हक्क नाही तो तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. पायटॉर्चचा कोड ज्याने नव्याने लिहिला, तो आपल्या कोडवर एमआयटी लावू शकतो. पण मूळ टेन्सरफ्लो वेट्स नुसत्या दुसऱ्या साच्यात बदलून घेतल्या असतील, आणि त्या भांडारात तसं रूपांतर करणारी `convert_weights.py` ही फाइलही आहे, तर अशा वेट्सवरची मूळ अट नवा परवाना लावल्याने पुसली जात नाही. म्हणून वेट्सच्या प्रत्येक `.pt` फाइलबद्दल वेगळं विचारा: ही याच माणसाने शिकवली, की दुसऱ्याकडून आणून बदलली? उत्तर सापडलं नाही तर धंद्यासाठी ती फाइल बंद समजा.

`White-box-Cartoonization` या 2020 सालच्या लोकप्रिय कार्टून मॉडेलमध्ये गोंधळाला जागाच नाही. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बीवाय-एनसी-एसए 4.0, ज्यातलं एनसी म्हणजे अव्यावसायिक, आणि खाली व्यावसायिक वापराला मनाई असं सरळ लिहिलेलं. तरीही फोटोचं कार्टून करून देणारी किती तरी छोटी ॲप्स आणि नोटबुक्स याच्यावर बसवलेली आहेत. ॲप फुकट आहे, त्यात खाली काहीच लिहिलेलं नाही, याचा अर्थ आतल्या मॉडेलची अट गेली असा होत नाही.

भांडार आपल्या संगणकावर उतरवलं की आधी ही ओळ चालवा:

```
grep -rniE "non-?commercial|commercial use|all rights reserved" \
  --include="*.md" --include="LICENSE*" --include="*.py" .
```

यातून परवान्याच्या फाइलबाहेर, कोडच्या टिपांमध्ये किंवा उप-फोल्डरमध्ये दडलेल्या अटी वर येतात. एखाद्या उप-फोल्डरमध्ये दुसऱ्याच कंपनीचा कोड उचलून ठेवलेला असतो. एनव्हिडियाच्या स्टाइलगॅनमधले भाग असे बऱ्याच ठिकाणी सापडतात आणि त्यांचा परवाना अव्यावसायिक वापरापुरता असतो. ही तपासणी फक्त शब्द शोधते, म्हणून काही सापडलं नाही तरी `LICENSE` फाइल पूर्ण वाचायचीच. आणि अजिबात परवाना नसलेलं भांडार असेल तर? काहीच लिहिलेलं नाही म्हणजे परवानगी नाही. सगळे हक्क लेखकाकडे, असाच त्याचा अर्थ.

अव्यावसायिक म्हणजे नेमकं काय

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: "परवाना मॉडेलचा आहे, मी मॉडेल विकत नाही, चित्र विकतोय." याला उत्तर परवान्याच्या शब्दांवर अवलंबून आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एनसी अटीत अव्यावसायिक म्हणजे ज्या वापराचा मुख्य हेतू व्यापारी फायदा किंवा पैसा नाही असा वापर. मॉडेलमधून निघालेलं चित्र हे त्या मॉडेलवरून केलेली रूपांतरित कृती ठरते का, यावर कायद्यात वाद होऊ शकतो. पण विकायच्या मालासाठी मॉडेल चालवणं हा पैशासाठी केलेला वापर आहे, आणि वर दिलेल्या भांडारांसारखे परवाने तर थेट वापराबद्दलच बोलतात. दोनशे रुपयांची प्रिंट विकली काय आणि दोन हजारांची काय, किंवा एकच विकली काय, हेतू तोच राहतो. छंद म्हणून करतो, हा बचाव इथे कामाला येत नाही.

माझं स्पष्ट मत असं की एनसी अट दिसली की वाद घालत बसू नये. एक तर लेखकाला ईमेल करून लेखी परवानगी घ्यावी, नाही तर दुसरं मॉडेल घ्यावं. परवानगी मागताना मॉडेलची आवृत्ती, कुठल्या वस्तूंवर छापणार, साधारण किती नग आणि कुठल्या देशांत विकणार हे चार मुद्दे लिहा. "मी तुमचं मॉडेल वापरू का?" या प्रश्नाला आलेलं "हो" पुढे उपयोगी पडत नाही, कारण ते कशाला दिलं होतं हेच त्यात नसतं.

डिफ्युजन मॉडेलं आणि लोरा

गेटवेचं चित्र `AnimeGANv2`ऐवजी स्टॅबिलिटी एआय कंपनीच्या एसडीएक्सएल या स्टेबल डिफ्युजन मॉडेलच्या इमेज-टु-इमेजने करायचं ठरवलं तर पाया बराच मोकळा होतो. एसडीएक्सएल 1.0 चा परवाना ओपनरेल प्रकारचा आहे. निघालेल्या चित्रावर कंपनी हक्क सांगत नाही, व्यवसायाला मनाई नाही, मात्र शेवटी जोडलेल्या परिशिष्टात काय काय करायचं नाही याची यादी आहे आणि चित्राची जबाबदारी तुमची. गेटवेच्या टोट बॅगला त्या यादीचा अडथळा येत नाही. एखाद्या खऱ्या माणसाची बदनामी करणारं चित्र काढाल तर येईल.

त्याच कंपनीच्या सगळ्या मॉडेलांना मात्र हे लागू धरू नका. 2024 च्या जूनमध्ये स्टेबल डिफ्युजन 3 मीडियम आलं तेव्हा त्याच्या परवान्यावरून इतका गोंधळ झाला की मॉडेलं आणि लोरा वाटणाऱ्या सिव्हिटाय या संकेतस्थळाने ते काही काळ बाजूला ठेवलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने नवा कम्युनिटी परवाना आणला: वार्षिक उत्पन्न 10 लाख डॉलरच्या आत असेल तर व्यवसायालाही मोफत, वर गेल्यास वेगळा करार. म्हणजे तेच मॉडेल, महिन्याभराच्या अंतराने वेगळ्या अटी. यासाठीच परवान्याची प्रत तारखेसह साठवायची, नुसती लिंक ठेवायची नाही.

फ्लक्स या दुसऱ्या डिफ्युजन मॉडेलच्या बाबतीत नावावर जाऊन चालत नाही. `FLUX.1 [schnell]` अपाची 2.0 खाली आहे आणि विषय तिथेच संपतो. `FLUX.1 [dev]`च्या परवान्याच्या नावातच नॉन-कमर्शियल आहे, पण आत आउटपुटबद्दल वेगळं कलम आहे. मॉडेल धंद्यासाठी चालवणं आणि निघालेलं चित्र वापरणं या दोन गोष्टी तिथे वेगळ्या मांडल्या आहेत. या कलमाचा अर्थ लावण्यावरून लोकांनी बरेच वाद घातले आहेत. चार प्रिंट विकणाऱ्या माणसाने त्या वादात पडण्यात शहाणपणा नाही. `schnell` वापरा किंवा व्यावसायिक परवाना विकत घ्या.

पाया मोकळा असला तरी वर जोडलेला लोरा वेगळ्या माणसाचा असतो. सिव्हिटायवर प्रत्येक मॉडेलच्या पानावर परवानगीची छोटी चिन्हं असतात आणि त्यांवर क्लिक केलं की सविस्तर यादी उघडते. आपल्या कामाची ओळ म्हणजे निर्माण केलेली चित्रं विकता येतील की नाही, आणि श्रेय देणं बंधनकारक आहे की नाही. पैसे घेऊन चित्र बनवून देणारी सेवा चालवण्याची परवानगी ही तिथे वेगळी ओळ आहे. तुमच्या दुकानाच्या पानावर गिऱ्हाईक स्वतःचा फोटो टाकून चित्र काढून घेत असेल, तर पहिली परवानगी पुरत नाही, दुसरीही लागते.

हगिंग फेस या मॉडेलं ठेवण्याच्या दुसऱ्या संकेतस्थळावर मॉडेलच्या पानाच्या वरच्या भागात परवान्याचं लेबल असतं. तिथे `other` असेल तर `LICENSE` नावाची फाइल उघडावीच लागते. `apache-2.0` असेल तरी मजकुरात बेस मॉडेल कोणतं ते पाहा. `FLUX.1 [dev]`वर शिकवलेल्या लोरावर कोणी अपाची लावलं, तरी खालचं मॉडेल आपल्या अटी सोडत नाही.

पायरी तिसरी: दडलेले मदतनीस

पाणी मुरतं ते बहुतेकदा इथे. ऑटोमॅटिक1111 मध्ये चेहरा सुधारण्याची नुसती खूण करायची असते, आणि तिच्यामागे `CodeFormer` किंवा `GFPGAN` यांपैकी एक चालतं. `CodeFormer`चा परवाना एस-लॅबचा आहे आणि तो अव्यावसायिक वापरापुरता आहे. जोडप्यांच्या कार्टून-फ्रेम विकणाऱ्याने मुख्य मॉडेल कितीही काळजीने निवडलं असलं तरी ही एक खूण सगळं बिघडवते. `GFPGAN` वरकरणी अपाची 2.0 आहे, पण त्याची `LICENSE` फाइल शेवटपर्यंत वाचा: खाली ज्या दुसऱ्या प्रकल्पांचे भाग त्यात आहेत त्यांचे परवाने दिलेले आहेत आणि त्यांत अव्यावसायिक अटीही आहेत. फोटोतल्या माणसाचा चेहरा ओळखून तो चित्रात तसाच उतरवणारी साधनं, जसं की संदर्भचित्र देऊन चालवायच्या आयपी-ॲडॅप्टरचा `FaceID` प्रकार, इनसाइटफेसच्या मॉडेलांवर चालतात. इनसाइटफेसचा कोड एमआयटी आहे, शिकवलेली मॉडेलं मात्र फक्त अव्यावसायिक संशोधनासाठी. कोड आणि वेट्स वेगळे लिहा असं वर म्हटलं, त्याचं याहून नेमकं उदाहरण नाही.

अपस्केलरचंही तसंच. `Real-ESRGAN` बीएसडी परवान्याखाली आहे, बिनधास्त वापरा. पण इंटरनेटवरून उचललेल्या तयार वर्कफ्लोमध्ये हमखास असणारी `4x-UltraSharp` ही फाइल सीसी बीवाय-एनसी-एसए 4.0 खाली आहे. आपल्या गेटवेसाठी 1024 ची बाजू `Real-ESRGAN`ने चौपट केली तर 4096 मिळतात. ए3 च्या लांब बाजूला ते साधारण 248 डीपीआय पडतं. हातभर अंतरावरून बघायच्या भिंतीवरच्या प्रिंटला एवढं पुरतं. `UltraSharp`च्या थोड्या जास्त धारेसाठी परवान्याचा धोका घेण्यासारखं त्यात काही नाही.

पायरी चौथी: मूळ फोटो

स्वतः काढलेला फोटो असेल तर पुढे जा. पिंटरेस्टवरून किंवा कोणाच्या इन्स्टाग्रामवरून घेतलेला असेल तर थांबा, कारण शैली बदलल्याने मूळ छायाचित्रकाराचा हक्क जात नाही. भारतीय प्रताधिकार कायद्यात कलात्मक कृतीचं रूपांतर करण्याचा हक्कही मालकाकडेच आहे.

विकिमीडिया कॉमन्सवरचा फोटो घेतला तर त्याखालचा परवाना नीट वाचा. सीसी बीवाय असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवान्याची लिंक आणि बदल केल्याची नोंद द्यायची. टोट बॅगवर जागा नसेल तर लेबलवर किंवा विक्रीच्या पानावर दिली तरी चालते. सीसी बीवाय-एसए असेल तर विक्रीला बंदी नाही, पण तुमचं ॲनिमे गेटवे ही त्या फोटोवरून केलेली कृती आहे, म्हणून तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. परिणाम असा की शेजारचा दुकानदार तुमचंच चित्र, तुमचं नाव देऊन, कायदेशीरपणे छापून विकू शकतो. हे चालत असेल तरच असा फोटो घ्या.

गिऱ्हाइकाने दिलेल्या फोटोत वेगळी गंमत आहे. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचा फोटो बहुधा नवरा-नवरीचा किंवा ज्याने पैसे भरले त्याचा. पण आजकाल बरेच छायाचित्रकार करारात हक्क स्वतःकडे ठेवतात. ऑर्डर घेतानाच व्हॉट्सॲपवर एक ओळ मागून घ्या: "हा फोटो मी दिला आहे, यावरून चित्र करून घेण्याचा हक्क मला आहे." हेच कलम तुमच्यावरही उलटतं. पैसे घेऊन काढून दिलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, गिऱ्हाईकच. तेच जोडपं नमुना म्हणून मगवर छापून दुकानात मांडायचं असेल तर त्याचीही लेखी परवानगी घ्या.

पायरी पाचवी: चित्रात काय दिसतंय

आता गेटवेचा फोटो मोठा करून बघा. स्वतः कमानीची अडचण नाही. बांधकाम 1924 मध्ये पूर्ण झालं, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट 1926 मध्ये वारले, आणि शिवाय इमारतीचं चित्र किंवा फोटो करून प्रसिद्ध करायला कायद्याचं कलम 52 मोकळीक देतं. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पांनाही तशीच सवलत आहे.

पण त्याच चौकटीत मागे ताजमहाल पॅलेस हॉटेल येतं. त्याच्या बाह्यरूपाची 2017 मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली आहे. प्रताधिकाराची सवलत ट्रेडमार्कला लागत नाही. दूरवर, शहराच्या दृश्याचा भाग म्हणून हॉटेल दिसणं वेगळं, आणि घुमट मध्यभागी ठेवून तोच विकायचा मग करणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला हात लावू नका. पहिल्यातही मी फोटोचा कोन बदलून समुद्राच्या बाजूने घेईन. एक चक्कर जास्त पडते, पण प्रश्नच उरत नाही.

गेटवेसमोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्प म्हणून प्रताधिकाराची सवलत आहेच. मात्र बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा 1950 चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव व चित्र आहे. व्यापारासाठी वापर करायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. कॅलेंडरला मर्यादित सूट आहे: त्यावर फक्त निर्माता आणि मुद्रकाचं नाव असावं आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेलं नसावं. बाजारात महाराजांचे टी-शर्ट ढिगाने विकले जातात हे सगळ्यांना दिसतं. पण ते विकले जातात म्हणून अनुसूचीतली नोंद गळून पडत नाही, आणि मोठ्या ऑनलाइन बाजारात कोणी तक्रार केली तर ते पान उतरवायला ती पुरेशी आहे.

चौकटीत बेस्टची बस असेल तर तिच्यावरचं चिन्ह पुसा. समोर ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची परवानगी घ्या किंवा शैली बदलताना चेहरा इतका साधा करा की ओळख उरणार नाही. नट-गायकांच्या बाबतीत तर विचारच नको. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या प्रकरणात त्यांचं नाव, चेहरा, आवाज, इतकंच काय "झकास" म्हणण्याची लकबही परवानगीविना पैशासाठी वापरायला मनाई केली, आणि त्यात मालावरची छपाई व कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली चित्रं दोन्ही होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंह यांनाही तसंच संरक्षण दिलं. कमानीखालून जाणारा ॲनिमे अनिल कपूर कितीही गोड दिसला तरी तो छापू नका.

शैली कोणाची

नुसत्या शैलीवर प्रताधिकार नसतो. कल्पना आणि तिचा प्रत्यक्ष आविष्कार यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात मांडला, तोच इथे लागतो. पण तुम्ही स्टाइल ट्रान्सफरला एखाद्या हयात चित्रकाराचं एक ठराविक चित्र संदर्भ म्हणून दिलंत, तर प्रकरण शैलीपुरतं राहत नाही. शैलीचं वजन वाढवलं की त्या चित्रातले ओळखू येणारे तुकडे, एखादा सूर्य, झाडाची वळणदार फांदी, विशिष्ट ब्रशफटकारे, जसेच्या तसे तुमच्या आकाशात उतरतात. आयपी-ॲडॅप्टरमध्ये तर संदर्भचित्राची रचनाच झिरपते. तपासायची रीत सोपी: संदर्भ आणि निकाल शेजारी ठेवा आणि चित्राच्या विषयाशी ज्याचा संबंध नाही असं काही दोन्हीकडे सारखं दिसतं का ते बघा. दिसलं तर वजन कमी करा किंवा संदर्भ बदला.

जुन्या चित्रकारांचं काम मोकळं मिळतं. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं प्रताधिकार टिकतो आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. राजा रवि वर्मा 1906 मध्ये गेले, म. वि. धुरंधर 1944 मध्ये, बाबूराव पेंटर 1954 मध्ये. तिघांची चित्रं शैलीसंदर्भ म्हणून निर्धास्त वापरा. सा. ल. हळदणकर 1968 मध्ये गेले, त्यांच्यासाठी 2028 साल संपेपर्यंत थांबावं लागेल. परदेशात विकणार असाल तर तिथली मुदत वेगळी असू शकते. बऱ्याच देशांत ती 70 वर्षं आहे.

विक्रीच्या पानावर शीर्षक लिहितानाही जपा. एखाद्या ॲनिमेशन स्टुडिओचं किंवा दिग्दर्शकाचं नाव जाहिरातीत घालणं म्हणजे आपला माल त्यांच्याकडून आला असा समज करून देणं, आणि ते ट्रेडमार्कचं दुखणं आहे. "हाताने रंगवल्यासारखी ॲनिमे प्रिंट" एवढं पुरतं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून वारली वळणाचा लोरा लावून काढलेल्या टोट बॅगला "वारली पेंटिंग" म्हणून विकू नका. ते नाव डहाणू-जव्हारच्या त्या कलाकारांच्या मालासाठी आहे.

ऑनलाइन सेवा आणि बाजार

संगणकावर मॉडेल न चालवता मिडजर्नीसारखी सेवा वापरत असाल तर परवान्याऐवजी सेवाशर्ती वाचायच्या. इथे प्रश्न दोनच: चित्र काढलं त्या दिवशी तुमचा प्लॅन कोणता होता, आणि तुमच्या कंपनीचं उत्पन्न किती. मिडजर्नीत वर्षाला 10 लाख डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीला वरच्या दर्जाचाच प्लॅन घ्यावा लागतो. पूर्वीच्या फुकट चाचणीत काढलेली चित्रं अव्यावसायिक परवान्याखाली होती. आज पैसे भरले म्हणून ती जुनी चित्रं आपोआप मोकळी झाली असं धरू नका. पावती जपून ठेवा.

एटसी या ऑनलाइन बाजारात विकणाऱ्यांनी वर्णनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केल्याचं लिहावं लागतं. परदेशात राहून तिथे मराठी वळणाच्या प्रिंट विकणारे बरेच जण हे विसरतात.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक डिझाइनसाठी एक फोल्डर आणि त्यात एक साधी फाइल पुरते:

```
design: gateway-anime-01
photo: स्वतः, मूळ फाइल सोबत
base: SDXL 1.0, Open RAIL++-M
lora: नाही
face: नाही
upscale: Real-ESRGAN, BSD-3-Clause
license copies: ./licenses/
```

`licenses` फोल्डरमध्ये परवान्यांच्या फाइली आणि मॉडेलच्या पानाची पीडीएफ तारखेसह ठेवा. नेमकी आवृत्ती टिपायला भांडारात `git rev-parse HEAD` आणि वेट्ससाठी `sha256sum` चालवून आलेले आकडे त्याच फाइलमध्ये चिकटवा. पुढे भांडार काढून टाकलं गेलं किंवा परवाना बदलला, तर तुम्ही कशाखाली काम केलं ते दाखवायला हाताशी एवढंच असतं.

नोटीस आलीच, तर आधी विक्री थांबवा, उत्तर नंतर. नोटिशीत कशाबद्दल तक्रार आहे ते शोधा: फोटो, मॉडेल, की चित्रातली वस्तू. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. सीसी 4.0 परवान्यातली चूक, समजा श्रेय द्यायचं राहिलं, कळल्यापासून 30 दिवसांत सुधारली तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. ट्रेडमार्कला अशी मुदत नाही, तिथे छापलेला मालही बाजूला काढावा लागतो. म्हणून नव्या डिझाइनच्या पहिल्या खेपेला दोनशे बॅगा छापू नका, वीस छापा. आणि कंपनीची मोठी ऑर्डर असेल, जिथे करारात सगळी नुकसानभरपाई तुमच्यावर टाकलेली असते, तिथे सही करण्याआधी हे फोल्डर प्रताधिकाराचं काम करणाऱ्या वकिलासमोर ठेवा.